नऊ पैकी नऊ

बावीस वर्षं मी इंग्रजी शिकवतोय. तेही देवरूखच्या पुढे, अशा गावात, जिथे एसटी वेळेवर आली तर लोक कंडक्टरला विचारतात, काय झालं म्हणून. बारावी कला शाखेची पोरं माझ्या वाट्याला येतात. दहावीपर्यंत कुणीतरी पुढे ढकललेली असतात आणि पुढे ढकलायचं काम मग माझ्याकडे येतं. मी ते करतो. माझा निकाल तालुक्यात खाली नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही सांगणार आहे त्यात माझी बाजू कुणी विचारलेलीच नाही.

जुलैत आमच्याकडे आम्रपाली सकपाळ नावाची मुलगी आली. मूळची दापोलीकडची, रत्नागिरीत एम.एड. करत होती, दुसऱ्या वर्षाचा शोधनिबंध. विषय काय, तर विद्यार्थ्यांचा अध्यापनाविषयी अभिप्राय. म्हणजे आता मुलांनी मास्तरांना मार्क द्यायचे. प्राचार्य खातू सरांनी तिचं पत्र वाचलं आणि लगेच परवानगी दिली. संस्थेच्या वार्षिक अहवालात 'संशोधनास सहकार्य' असा एक रकाना असतो आणि तो आमच्याकडे कायम रिकामा असतो.

"फक्त एक करा," खातू सर तिला म्हणाले, "निष्कर्ष आम्हालाही द्या. विषयवार."

"सर, सगळे विषय एकत्र करून दिले तर चालतील का? इथे एका विषयाला एकच शिक्षक आहेत."

"एकत्र देऊन आम्हाला काय उपयोग? कोण कुठे कमी पडतंय ते कळायला नको?"

तिने मार्गदर्शकांना फोन लावला. मार्गदर्शक म्हणाले, पाचापेक्षा लहान गटाचे आकडे द्यायचे नाहीत, एवढं पाळलं की झालं. ठरलं.

ही मुलगी आमच्या स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर बसून प्रश्नावली घासायची. घासायची हाच शब्द बरोबर आहे. एक वाक्य लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं. मी एकदा डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, 'शिक्षक वेळेवर येतात आणि समजेल असं शिकवतात.' त्यावर काट.

"का हो, चांगलं वाक्य होतं की."

"सर, यात दोन गोष्टी आहेत. वेळेवर येतात पण समजत नाही, असं असेल तर मुलाने कुठे खूण करायची?"

"आमच्याकडे मुलंच वेळेवर येत नाहीत. त्यांना काय कळणार आम्ही कधी आलो ते."

ती हसली. मला बरं वाटलं. मी थट्टेखोर माणूस आहे, वर्गातही तसाच. त्याशिवाय इंग्रजीचा तास सरत नाही.

'शिक्षकांचं शिकवणं तुम्हाला आवडतं ना?' हेही तिने काढलं. त्या 'ना' मध्येच उत्तर आहे म्हणाली. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन ठेवले, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत, मध्ये 'सांगता येत नाही'. काही विधानं कौतुकाची, काही उलटी, म्हणजे पोरं डोळे मिटून एकाच रांगेत खुणा करणार नाहीत. मग दुसऱ्या एका कॉलेजात जाऊन तिथल्या मुलांशी बोलून आली आणि त्यांच्या बोलण्यातून आणखी चारपाच विधानं बनवली. त्यांतलं एक सातव्या नंबरवर बसलं. 'वर्गात उत्तर चुकलं तर शिक्षक त्या मुलाची नक्कल करतात.' हे विधान माझ्यासाठी नव्हतंच मुळी. ते दुसऱ्या कुठल्या तरी मास्तरचं पाप होतं. माझ्या दारात येऊन पडलं.

नाव लिहायचं नाही, हे तर ठरलेलंच. पण तिने गाव आणि वाडीही काढून टाकली. मार्गदर्शक म्हणे विचारत होते की असल्या माहितीशिवाय तुलना कशाची करणार. ही म्हणाली, "सर, वाडी लिहिली की पोर कोण ते तुम्हालाही कळेल." खरंच आहे. आमच्याकडे वाडीचं नाव सांगितलं की आडनाव, जात आणि घरात किती म्हशी आहेत इथपर्यंत सगळं कळतं. शेवटी मोकळं उत्तर लिहायला एक प्रश्न होता, ती उत्तरंही ती स्वतः टाइप करणार होती, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. भरलेले कागद खोक्यात, खोकं तिच्याबरोबर रत्नागिरीला, काम संपलं की फाडून टाकायचे. मी म्हटलं, बाई, तुम्ही बँक लुटताय की प्रश्न विचारताय?

आम्हा शिक्षकांकडूनही तिने संमती घेतली. दोन पानी कागद. मी सही केली आणि पेन परत दिलं. कागद वाचायला मला तेवढा वेळ नव्हता.

मुलं अठराच्या आतली, म्हणून त्यांच्या पालकांची संमती आणि वर मुलांची स्वतःचीही. इथे बाईंची गाडी अडली. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचे बाप मुंबईला. आई घरात असते, शेत बघते, म्हातारी बघते, सगळं बघते, पण सहीचा कागद आला की म्हणते, बापूस गणपतीला येल तेव्हा करंल. आईची सही चालते, असं आम्रपालीने परोपरीने सांगितलं. पोरांनी मान हलवली आणि कागद दप्तरात तसेच राहिले. समर्थ नावाचा एक चलाख पोरगा बापाची सही स्वतःच ठोकून घेऊन आला. तिने तो कागद परत दिला. म्हणाली, ही संमती नाही.

कागद गोळा कसे करायचे, हाही प्रश्नच. ती आठवड्यातून एकदा येणार. तिचं म्हणणं होतं, वाचनालयात बंद पेटी ठेवू या. खातू सर म्हणाले, पेटी कशाला, घरून येणारा प्रत्येक कागद वर्गशिक्षकाकडे येतो, तशीच पद्धत आहे. सहलीचा, शिष्यवृत्तीचा, रेशनकार्डाच्या झेरॉक्सचा, सगळा. वर्गशिक्षक मी. मुलं मुकाट्याने कागद माझ्या टेबलावर आणून ठेवायची आणि मी सवयीने हजेरीपटात नावापुढे बारीक टिक करायचो. चौतीस मुलांत टिका झाल्या नऊ. काही लपवून केलेलं नाही. सहलीच्या वेळीही अशाच करतो.

प्रश्नावली भरायच्या दिवशी ती म्हणाली, सगळ्यांना एकाच खोलीत बसू द्या, ज्यांची संमती नाही त्यांना मी दुसरा एक कागद देते, वाचायचा उतारा, म्हणजे कोण भरतंय ते कुणाला दिसणार नाही. आणि वर्गात शिक्षक नकोत. खातू सरांनी घड्याळ पाहिलं. "पंचवीस मुलांचा तास बुडवायचा? ते नऊ जण वाचनालयात बसवा." तेव्हा नऊ जण उठून गेले. मी पंचवीस पोरांना शिकवत होतो आणि नऊ बाकांवरच्या रिकाम्या जागा बघत होतो. बघायला काही लागतं का? समोर होत्या.

गणपती झाले, दिवाळीची सुट्टीही झाली, आणि तिचा अहवाल आला. खातू सरांनी प्रत्येकाला आपापल्या विषयाचं पान दिलं. माझं पान मी स्टाफरूममध्ये उभ्याउभ्या वाचलं. वेळेवर येतात, चांगलं. व्याकरण समजतं, बरं. विधान सात. नक्कल करतात. पूर्ण सहमत, नऊ. सहमत, शून्य. पुढे सगळे शून्य.

नऊ पैकी नऊ. एकालाही 'सांगता येत नाही' वर खूण करावीशी वाटली नाही. रितेशलासुद्धा नाही, ज्याची फी मी एकदा खिशातून भरलीय. मनस्वीलासुद्धा नाही. मनस्वी वरच्या धनगरवाडीच्या वाटेवरून रोज डोंगर उतरून येते आणि 'वुमन' आणि 'विमेन' तिला काही केल्या वेगळं म्हणता येत नाही. तिची नक्कल मी करतो, हो, करतो. सगळा वर्ग हसतो, तीही हसते. मला वाटायचं हसते. आम्हाला आमचे सर कान धरून उभं करायचे, मी नुसती थट्टा करतो, आणि त्याचं हे फळ.

मला फार लागलं. लपवत नाही. त्या रात्री जेवलो नाही, बायकोवर उगाच डाफरलो.

दुसऱ्या दिवसापासून मी नक्कल बंद केली. नको ना? नको तर नको. त्या नऊ जणांना प्रश्न विचारणंच बंद केलं. वाचायला उठवायचं असलं तर पहिल्या बाकावरून सुरू करायचो आणि त्यांना वगळून पुढे जायचो. रितेशने एकदा हात वर केला. मी म्हटलं, "राहू दे रे. चुकलास तर मला हसू येईल, आणि हसलो तर रत्नागिरीला कळवशील." वर्ग हसला. ते नऊ जण हसले नाहीत. मग मी सहज बोललो, "आता नाही बोललात तरी चालेल. फेब्रुवारीत तोंडी परीक्षा आहे, वीस मार्कांची. तेव्हा माझ्यासमोरच बसून बोलावं लागणार आहे."

सहज बोललो. पण इंग्रजीचे ते वीस मार्क काय असतात ते या पोरांना विचारा. लेखी ऐंशीत ज्यांना पंधरा-अठरा पडायचे, त्यांची सगळी बारावी त्या विसांवर उभी असते. आणि ते वीस कॉलेजच्या हातात असतात. म्हणजे माझ्या.

चारपाच दिवसांनी मनस्वीची आई आली. तुळसा तिचं नाव. चिखलाच्या पायांनी स्टाफरूमच्या बाहेर उभी. आत या म्हटलं तरी येईना. पिशवीत कुळीथ आणि आमसुलं होती.

"सर, पोरीन काय लिवलान ता मला म्हाईत नाय. मला वाचता येत नाय. रोज रडता, जेवत नाय. म्हनता, सर मला नापास करतील. तिचा काय चुकला आसंल तर पदरात घ्या."

"तिचं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं.

"चुकला आसंलच. सायेब लोकांबद्दल लिवायचा नसता. मीच आंगठा दिलाव त्या कागदावर. ती रत्नांग्रीची बाय बोलली, कुनाला कळनार नाय."

पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि वाकली. माझ्या आईच्या वयाची नव्हे, माझ्याच वयाची बाई. मी मागे सरकलो. पिशवी घेऊन जा म्हटलं तर तिचा चेहराच पडला. तिला वाटलं, माफी मिळाली नाही. म्हणून पिशवी ठेवून घेतली. आजवर मला त्या आमसुलांची कढी गोड लागलेली नाही, पण तेव्हा मी 'बघू' एवढंच म्हणालो. 'बघू' म्हणजे काय, ते मला तरी कुठे माहीत होतं.

त्याच शनिवारी आम्रपाली आली. मुलांपैकी कुणीतरी तिला फोन केला होता. तिचा नंबर त्या संमतिपत्रावरच होता, काही तक्रार असल्यास म्हणून. माझ्यासमोर बसली आणि एक कागद उघडला. खाली माझी सही.

"सर, कलम चार वाचा."

वाचलं. सहभागी विद्यार्थी कोण हे शोधण्याचा प्रयत्न मी करणार नाही आणि अभिप्रायाचा परिणाम त्यांच्या मूल्यमापनावर होऊ देणार नाही.

"मी प्रयत्न केलाच नाही," मी म्हटलं. "मला करावाच लागला नाही. कागद मी गोळा केले, नऊ मुलं माझ्या डोळ्यादेखत उठून गेली, आणि नऊ जणांचं उत्तर एक. यात माझा काय दोष?"

तिने अहवालातलं माझ्या विषयाचं पान काढलं आणि विधान सातवर बोट ठेवलं.

"उत्तरं वेगवेगळी आली असती तर नऊमध्ये कोण काय म्हणालं ते कळलं नसतं," ती म्हणाली. "सगळ्यांचं एकच आलं की गट कितीही मोठा असो, प्रत्येकाचं उत्तर उघडं पडतं. पाचाचा नियम पाळला म्हणून मी निर्धास्त राहिले. तो आकडा मी झाकायला हवा होता. पेटीसाठी भांडायला हवं होतं." मग मान वर करून म्हणाली, "पण सर, मुलं खोटं बोलली नाहीत. तुम्हाला माहितीय."

मला राग आला. माझ्या मुलीच्या वयाची पोर. "मग काय करू? हात जोडून उभा राहू त्यांच्यापुढे?"

"नाही. वर्गात एवढंच सांगा की तोंडीच्या मार्कांशी याचा संबंध नाही. तुमच्या तोंडून."

"माझ्यावर संशय घेतला त्यांनी. मी का सांगू?"

मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर मी तसा होतो असं कबूल केल्यासारखं झालं असतं. तेव्हा मला हे फार पटलेलं होतं.

ती वर्गाबाहेर नऊ जणांना भेटली, माझी परवानगी न विचारता. मी व्हरांड्यात होतो, ऐकू येत होतं. म्हणाली, मी तुम्हाला कुणाला कळणार नाही म्हटलं होतं आणि ते माझ्याने पाळलं गेलं नाही, माझी चूक आहे. तुम्हाला तुमची उत्तरं मागे घ्यायची असतील तर आत्ताही घेता येतील. कागदांवर नावं नसल्यामुळे कुणाचा कागद कोणता ते मला ओळखता येणार नाही, त्यामुळे एकट्यादुकट्याचा काढता येत नाही. पण तुम्ही सगळेच म्हणालात तर सगळेच काढते.

"सगळ्यांचे काढा," मनस्वी म्हणाली. बाकीच्यांनी मान हलवली. शेवटी रितेशनेही हलवली.

आम्रपालीने रत्नागिरीला जाऊन खोक्यातले आमचे सगळे कागद फाडून टाकले. मार्गदर्शकांना सगळं लेखी कळवलं, आमचं कॉलेज निबंधातून वगळलं, आणि तिला दुसरं कॉलेज शोधून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तिचं सत्र गेलं. जाताना मला नमस्कार केला नाही. तक्रार मात्र कुणाकडे केली नाही, कारण तक्रार करायची तर परत त्याच नऊ जणांची नावं पुढे करावी लागली असती.

खातू सरांना फार वाईट वाटलं. रकाना परत रिकामा राहणार होता. म्हणून जानेवारीत त्यांनी स्वतःच एक अभिप्राय फॉर्म काढला. वर नाव, हजेरी क्रमांक, गाव, वाडी. विधान एकच, 'शिक्षक उत्तम शिकवतात', पुढे हो किंवा नाही. फॉर्म वर्गशिक्षकाने वर्गात वाटायचा आणि तिथेच गोळा करायचा. संमती वगैरे काही नाही. चौतीसच्या चौतीस आले.

"बघा शितूत सर," खातू सर म्हणाले, "शंभर टक्के. त्या बाईने उगाच पोरांच्या डोक्यात काहीतरी भरवलं होतं."

मी त्या गठ्ठ्यातून मनस्वीचा कागद काढला. 'हो'वर खूण होती आणि खाली सुरेख अक्षरात एक ओळ, 'सर खूप छान शिकवतात, काही बदलू नये.' रितेशच्या कागदावर हीच ओळ. बाकीच्या सातांवरही हीच. ठरवून लिहिलेली.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. मनस्वी समोर बसली. मी सोपे प्रश्न विचारले, आईबापांबद्दल, गावाबद्दल. ती तोंड उघडायची आणि मिटायची. मी थांबलो. खरंच थांबलो, घड्याळाकडेही पाहिलं नाही. तिच्या तोंडातून शब्द बाहेर आला नाही. मी तिला सोळा मार्क दिले. नऊंपैकी कुणालाही पंधराच्या खाली दिले नाहीत. नियमात बसत नव्हतं, पण दिले. पोरांनी त्याचा काय अर्थ लावला असेल? मनस्वीच्या आईने तर नक्कीच पिशवीचा लावला असेल.

हॉलतिकिटं वाटायच्या दिवशी शेवटचा वर्ग भरला. मार्क बोर्डाकडे गेलेले, आता माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. तेही मी आधी वर्गात स्पष्ट सांगितलं. मग हॉलतिकीट घ्यायला मनस्वी टेबलाजवळ आली तेव्हा विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, कारण मला उत्तर हवं होतं.

"मनस्वी, मी तुझी नक्कल करायचो. करायचो ना?"

"नाही सर."

"अगं, मार्क गेलेत. खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाही सर," ती म्हणाली. "कधीच नाही."

मी वर्गाकडे पाहिलं. रितेशने मान खाली घातली. बाकीचे बत्तीस जण माझ्याकडे बघत होते, आज्ञाधारक, हसरे, आणि मी पुढे जे काही विचारलं असतं त्याला हो म्हणायला तयार. मी तिला हॉलतिकीट दिलं आणि पुढचं नाव पुकारलं.